वसतिगृहाच्या चादरी-टॉवेलसाठी पुरवठादार पॅनेल : निकष, छाननी आणि अर्जाचा नमुना

सोलापुरातल्या एखाद्या शिक्षणसंस्थेची ‘पुरवठादार नोंदणीसाठी अर्ज मागविण्यात येत आहेत’ अशी सूचना वाचली, की ठरावीक अटी हमखास दिसतात. गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल पन्नास लाख रुपये, आयएसओ प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी अनिवार्य, शासकीय संस्थांना पुरवठा केल्याचा पाच वर्षांचा अनुभव. या अटी बहुधा कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या सूचनेवरून जशाच्या तशा उतरवलेल्या असतात. त्या मोठ्या संस्थेला कदाचित कोट्यवधींची यंत्रसामग्री घ्यायची होती, आपल्याला घ्यायचे असतात वसतिगृहासाठी चारशे टॉवेल. मग ज्या शहरात टॉवेल विणले जातात, तिथल्याच संस्थेच्या यादीवर एकही विणणारा नसतो. त्याच्याकडून माल उचलून विकणारा व्यापारी तेवढा असतो, आणि दोघांच्या दरातला फरक संस्था वर्षानुवर्षे भरत राहते.

हा लेख संस्थेच्या खरेदी विभागात बसणाऱ्यांसाठी आहे, पण अर्ज भरणाऱ्या पुरवठादारालाही समोरचा माणूस नेमके काय तपासतो ते यातून कळेल. सगळ्या वस्तूंचे निकष एकदम मांडण्यापेक्षा मी एकच गट घेतो, वसतिगृहासाठी लागणाऱ्या चादरी आणि टॉवेल. पद्धत समजली की स्टेशनरी, प्रयोगशाळेची काचसामग्री, मेसचा किराणा यांसाठी तीच वापरता येते, फक्त कागद बदलतात. किराण्याला अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी लागेल, रसायनांना त्यांची वेगळी कागदपत्रे लागतील.

एक गोष्ट आधी पाहून घ्या. संस्था केंद्र सरकारच्या अखत्यारीतली असेल तर तिला २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू होतात आणि त्यातला नियम १५० पुरवठादार नोंदणीचाच आहे. राज्य शासनाच्या संस्थांना राज्याची खरेदी नियमावली पाळावी लागते. खाजगी विश्वस्त संस्थेत खरेदी समितीचा ठराव चालतो. जिथे वरचा नियम आहे तिथे तो आधी, खाली लिहिलेले त्यानंतर.

आधी गेल्या वर्षाची खरेदी काढा

निकष लिहायला बसण्यापूर्वी भांडाराचे रजिस्टर आणि लेखा विभागाची बिले समोर घ्या. चादरी-टॉवेलच्या गटात गेल्या दोन-तीन वर्षांत काय घेतले, किती घेतले, एकावेळची सर्वांत मोठी ऑर्डर किती रुपयांची होती आणि माल किती दिवसांत हवा होता, एवढ्या चार गोष्टी काढायच्या. हे काम करायला दुपार जाते, पण नंतर समितीत होणारे अर्धे वाद इथेच मिटतात.

समजा, एका निवासी महाविद्यालयाला वर्षाला ३०० सिंगल चादरी आणि ४०० टॉवेल लागतात. चादर सुमारे ३०० रुपयांची आणि टॉवेल १७५ रुपयांचा धरला तर चादरींचे ९०,००० आणि टॉवेलचे ७०,०००, म्हणजे वर्षाचा खर्च १,६०,००० रुपये. (हे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुमच्या बिलावरचे दर घ्या.) सर्वांत मोठी एक ऑर्डर ९०,००० ची.

आता उलाढालीची अट कशासाठी असते ते पाहा. पुरवठादार आपल्या एका ऑर्डरच्या ओझ्याने कोलमडू नये, एवढाच तिचा उद्देश. त्यासाठी सर्वांत मोठ्या ऑर्डरच्या तिप्पट वार्षिक उलाढाल पुरेशी आहे. इथे ती २,७०,००० येते, तीन लाख धरू. पन्नास लाखांची अट घातली तर ऑर्डर बुडण्याची भीती काही कमी होत नाही, अर्जदार मात्र कमी होतात. समितीत कोणी म्हणेल की तीन लाख फारच कमी, मोठी पार्टी बरी. तेव्हा विचारावे की ९०,००० चा माल देऊन ४५ दिवस थांबण्याची ताकद कोणाकडे आहे, हे उलाढालीच्या आकड्यावरून कळते का? ते पूर्वीच्या ऑर्डरींवरून आणि प्रत्यक्ष जागा पाहूनच कळते.

प्रत्येक निकषासमोर एक कागद आणि एक माणूस

माझा एक नियम आहे. ज्या निकषासमोर तो सिद्ध करणारा कागद आणि तो कागद तपासणारा माणूस लिहिता येत नाही, तो निकष काढून टाकायचा. ‘बाजारात चांगली पत असावी’ हे वाक्य कितीतरी सूचनांत असते. ती पत कोणी आणि कशावरून ठरवायची? असे वाक्य ठेवले की नको असलेला अर्ज नाकारायला सोय होते, म्हणून ते ठेवूच नये.

या गटासाठी मला पुढचे निकष पुरेसे वाटतात. व्यवसाय किमान दोन वर्षे सुरू असावा. उलाढाल वर सांगितल्याप्रमाणे. स्वतः उत्पादक आहे की व्यापारी, हे कागदासह स्पष्ट असावे. करविषयक स्थिती स्वच्छ असावी. गेल्या तीन वर्षांत निदान दोन संस्थांना, रुग्णालयांना, लॉजना किंवा वसतिगृहांना माल दिलेला असावा. शासकीय संस्थाच हवी असा आग्रह नको. आणि नमुना आपल्या तपासणीत उतरावा. यातल्या चार कागदांवर थोडे थांबावे लागेल, कारण खऱ्या अडचणी तिथेच येतात.

पहिला कागद उद्यम प्रमाणपत्राचा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या नोंदणीचा. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सुरू आहे, ती विनामूल्य आहे आणि क्रमांक `UDYAM-MH` ने सुरू होतो. बहुतेक लिपिक क्रमांक पाहून खूण करतात आणि पुढे जातात. वाचायचे असते खालच्या बाजूचे, व्यवसायाचा प्रकार सांगणाऱ्या एनआयसी कोडचे कोष्टक. कोड १३ ने सुरू होत असेल तर नोंदणी कापड उत्पादनाची आहे, तयार चादरी-टॉवेलसारख्या वस्तूंचा गट १३९२ हा आहे. ४६ किंवा ४७ ने सुरू होत असेल तर तो घाऊक किंवा किरकोळ व्यापार. हा फरक दरापुरता नाही. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. उशिरा पैसे दिल्यास व्याज मागण्याचा जो हक्क सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला आहे, तो निव्वळ व्यापाऱ्याला मिळत नाही. त्यामुळे पॅनेलच्या यादीत ‘उत्पादक’ आणि ‘व्यापारी’ असा रकाना हवाच, लेखा विभागाला बिल कोणत्या मुदतीत काढायचे ते त्यावरून कळते.

उद्यम प्रमाणपत्र स्वयंघोषणेवर मिळते, म्हणून उत्पादक असल्याचा दुसरा पुरावाही मागावा. सोलापुरात तो सोपा आहे, महावितरणचे वीजबिल. यंत्रमागाची वीजजोडणी वेगळ्या वर्गवारीत असते आणि ती बिलावर छापलेली असते. पुष्कळ कारखानदार भाड्याच्या शेडमध्ये माग चालवतात, तेव्हा बिल जागामालकाच्या नावावर निघते. तो दोष नव्हे, सोबत भाडेकरार घ्यावा. आयएसओ प्रमाणपत्रापेक्षा हे बिल आणि शेडला दिलेली पंधरा मिनिटांची भेट जास्त खरे बोलतात.

दुसरा कागद जीएसटीचा. फक्त वस्तूंची विक्री करणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल आणि माल राज्यातच विकला जात असेल, तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे ‘जीएसटी अनिवार्य’ असे लिहून आपण कायद्याने सूट दिलेल्या माणसालाच बाहेर काढतो. संस्थेचे त्यात काही जात नाही, कारण विद्यार्थ्यांना दिलेले शिक्षण करमुक्त असल्याने संस्थेला अशा खरेदीवरच्या कराची वजावट सहसा मिळतच नाही. मात्र एक प्रश्न नक्की विचारा : तुम्ही दुसऱ्याच्या सुतावर जॉबवर्क करता का? जॉबवर्क ही सेवा धरली जाते आणि मग मर्यादा ४० ऐवजी २० लाखांवर येते. सोलापुरात स्वतःचा माल आणि जॉबवर्क दोन्ही करणारे बरेच आहेत, त्यामुळे हा प्रश्न अर्जातच छापावा.

नोंदणी असेल तर क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र आणि तिसऱ्या ते बाराव्या अक्षरापर्यंत पॅन क्रमांक जसाच्या तसा. अर्जातला पॅन आणि हा भाग जुळत नसेल तर अर्ज तिथेच बाजूला ठेवावा. जीएसटी पोर्टलवर करदाता शोधण्याची सोय सर्वांना खुली आहे. तिथे नोंदणी सक्रिय आहे का आणि विवरणपत्रे भरली जातात का, दोन्ही दिसते. कंपोझिशन योजनेतला पुरवठादार कर लावू शकत नाही, तो कर बीजकाऐवजी पुरवठा बिल देतो. त्याच्या बिलावर जीएसटीची ओळ दिसली तर ते बिल परत करायचे.

तिसरा कागद उलाढालीचा. इथे सर्रास प्राप्तिकर विवरणपत्राची पोचपावती मागितली जाते. त्या पोचपावतीवर एकूण उत्पन्न आणि कर असतो, उलाढाल नसते! तीस लाखांचा धंदा करून तीन लाख नफा दाखवणाऱ्याच्या पोचपावतीवर तीन लाखांच्या आसपासचाच आकडा असेल, आणि लिपिक तोच उलाढालीच्या रकान्यात उतरवतो. म्हणून विवरणपत्रातले उलाढाल दाखवणारे पान, नफा-तोटा पत्रक किंवा सनदी लेखापालाचा दाखला, यांपैकी काहीही एक मागा. सनदी लेखापालाच्या दाखल्यावर अठरा अंक-अक्षरांचा यूडीआयएन हा ओळख क्रमांक असावा लागतो. तो सनदी लेखापाल संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की दाखला खरा आहे का ते लगेच दिसते. छोट्या अर्जदाराला मात्र दाखल्याच्या खर्चात घालू नका, विवरणपत्राचे पान पुरेसे आहे.

चौथा कागद ‘शॉप अॅक्ट लायसन्स’चा. अनेक सूचनांत आजही ‘नूतनीकरण केलेले लायसन्स’ मागतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिची पावती मिळते. नूतनीकरण करायला तिथे काही उरतच नाही. तेव्हा ‘नोंदणी प्रमाणपत्र किंवा सूचनेची पावती’ असे लिहावे, नाहीतर छोटा अर्जदार एजंटाकडे फेऱ्या मारत बसतो.

सूचना कशी लिहावी

सूचना मराठीत असावी. यंत्रमागाच्या धंद्यात घरी तेलुगू बोलणारी मंडळी पुष्कळ आहेत, पण व्यवहाराचे मराठी सगळ्यांना वाचता येते. गट, निकष, लागणारे कागद, अर्ज कुठे मिळेल, कुठे द्यायचा, शेवटची तारीख आणि वेळ, पॅनेलची मुदत, एवढे त्यात आले पाहिजे. मुदत दोन वर्षांची ठीक असते. अर्जासाठी २१ दिवस द्या. स्थानिक दैनिक आणि संस्थेचा फलक यांच्याबरोबरच एक प्रत यंत्रमागधारकांच्या संघटनेत आणि एक अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्दळीच्या ठिकाणी लावली तर विणणारे अर्जापर्यंत येतात.

तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. ‘पॅनेलवर नाव येणे म्हणजे ऑर्डरची हमी नव्हे. प्रत्येक खरेदीच्या वेळी गटातील पुरवठादारांकडून स्वतंत्र दरपत्रक मागविले जाईल.’ ‘या अर्जासोबत दर देऊ नयेत.’ ‘बयाणा किंवा अनामत रक्कम नोंदणीच्या वेळी घेतली जाणार नाही.’ दर आत्ताच मागितले तर सुताचा भाव हलल्यावर ते निरुपयोगी होतात आणि वर सगळ्यांचे दर बाहेर फुटतात.

पैसे कधी मिळतील, तेही सूचनेतच लिहावे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस आणि करार नसेल तर १५ दिवस. माल घेतल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल आला त्याच दिवशी तो स्वीकारला असे धरले जाते. पुढे उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. म्हणजे भांडारपालाने टॉवेल मोजून न घेता महिनाभर गठ्ठे तसेच ठेवले, तर खराब माल परत करण्याची बाजू लंगडी होते आणि मुदतही आपल्याच अंगावर येते.

अर्जाचा नमुना

अर्ज दोन पानांत बसावा. ज्या माहितीचा पुढे उपयोग नाही ती विचारू नये. वडिलांचे नाव, जात, वाहनाचा क्रमांक असले रकाने जुन्या नमुन्यांत दिसतात, ते काढावेत. खालचा नमुना उतरवून घेता येईल.

पुरवठादार नोंदणी अर्ज
गट : वसतिगृह कापड साहित्य (चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे)

१. व्यवसायाचे नाव व स्थापनेचे वर्ष :
२. प्रकार : एकल मालकी / भागीदारी / कंपनी / सहकारी संस्था
३. मालक, सर्व भागीदार किंवा संचालक यांची नावे व पॅन :
४. कार्यालयाचा पत्ता, माग किंवा गोदामाचा पत्ता (वेगळा असल्यास) :
५. मोबाइल व ईमेल (व्यवसायासाठी वापरात असलेलेच) :
६. आम्ही : उत्पादक / व्यापारी / दोन्ही. उत्पादक असल्यास मागांची संख्या व प्रकार :
७. उद्यम क्रमांक व एनआयसी कोड :
८. जीएसटी : नियमित / कंपोझिशन / नोंदणी लागू नाही. क्रमांक :
९. जॉबवर्क करता का? असल्यास गेल्या वर्षी त्यातून मिळालेली रक्कम :
१०. गेल्या दोन आर्थिक वर्षांची उलाढाल (वर्षनिहाय) :
११. गेल्या तीन वर्षांत माल दिलेल्या दोन ग्राहकांची नावे, माल, रक्कम, ऑर्डरची प्रत :
१२. ऑर्डर मिळाल्यापासून ३०० चादरी देण्यास लागणारे दिवस :
१३. बँक खाते, आयएफएससी (रद्द केलेला धनादेश जोडावा) :
१४. याच गटात अर्ज करणाऱ्या अन्य कोणत्या व्यवसायात मालक, भागीदार किंवा त्यांचे पती-पत्नी, आई-वडील, भावंडे, मुले यांचा हिस्सा आहे का? असल्यास नाव :
१५. संस्थेच्या कर्मचारी, विश्वस्त किंवा खरेदी समिती सदस्याशी नाते आहे का? असल्यास तपशील :

प्रतिज्ञापन : वरील माहिती खरी आहे. कोणत्याही संस्थेने आमचे नाव सध्या काळ्या यादीत टाकलेले नाही. रकाना ८ मध्ये ‘नोंदणी लागू नाही’ लिहिले असल्यास आमची उलाढाल कायद्याच्या मर्यादेत आहे. मर्यादा ओलांडल्यास १५ दिवसांत संस्थेस कळवू. माहिती खोटी आढळल्यास, आमचे म्हणणे ऐकून, नोंदणी रद्द करण्यास आमची हरकत नाही.

सही, नाव, शिक्का, दिनांक.

जोडपत्रे : पॅन, उद्यम प्रमाणपत्र, वीजबिल (भाडेकरारासह), जीएसटी प्रमाणपत्र असल्यास, उलाढालीचा पुरावा, शॉप अॅक्टची नोंदणी किंवा पावती लागू असल्यास, रद्द धनादेश, एक चादर व एक टॉवेल नमुना.

प्रतिज्ञापन साध्या कागदावर चालते. स्टॅम्प पेपर आणि नोटरी मागून नोंदणीच्या टप्प्यावर काही साधत नाही. रकाना १४ आणि ५ मात्र कधीही गाळू नका, त्यांचा उपयोग पुढे येतो.

छाननी : तीन अर्ज

आता आपल्या धरलेल्या महाविद्यालयाकडे असे तीन अर्ज आले आहेत.

‘अ’ नवी पेठेतला व्यापारी. उलाढाल पावणेदोन कोटी, आयएसओ प्रमाणपत्र, जीएसटी सक्रिय, कागद फाइलमध्ये रंगीत विभाजक लावून नीट बांधलेले. उद्यमचा एनआयसी कोड ४६ चा.

‘ब’ अक्कलकोट रोडच्या बाजूला भाड्याच्या शेडमध्ये आठ माग चालवणारा. उलाढाल २८ लाख, जीएसटी ‘लागू नाही’, उद्यम कोड १३९२, वीजबिल दुसऱ्याच्या नावावर, उलाढालीसाठी फक्त विवरणपत्राची पोचपावती जोडलेली.

‘क’ दुसरा व्यापारी, उलाढाल ४० लाखांच्या वर पण पन्नास लाखांच्या आत, कागद पूर्ण, रकाना १४ मध्ये ‘नाही’.

पन्नास लाखांची जुनी अट असती तर ‘अ’ एकटा उरला असता. आपल्या निकषांवर तिघेही पुढे येतात, पण तिघांची तपासणी वेगळी होते.

‘ब’ला नकार द्यायचा नाही, त्रुटीपत्र द्यायचे. सात दिवसांची मुदत, आणि नेमके काय हवे ते लिहून : शेडचा भाडेकरार, विवरणपत्रातले उलाढालीचे पान, रकाना ९ चे उत्तर. ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढेच कळवले तर तो बिचारा पुन्हा तेच कागद घेऊन येतो. समजा त्याने कळवले की जॉबवर्क करत नाही, सूत स्वतः घेतो. विक्रीची काही बिले पाहून हे ताडता येते, बिलावर ‘मजुरी’ असेल तर जॉबवर्क, मालाचा दर असेल तर विक्री. २८ लाख ४० च्या आत आहेत, प्रश्न मिटला. जॉबवर्कही निघाले असते तर मर्यादा २० लाखांची झाली असती, मग आधी जीएसटी नोंदणी घ्या आणि त्यानंतर या, असे सांगावे लागले असते.

‘क’च्या अर्जात मोबाइल क्रमांक तपासताना लक्षात येते की तो ‘अ’च्या अर्जातल्या दुसऱ्या क्रमांकाशी जुळतो. पॅन वेगळे, जीएसटी वेगळा, पण गोदामाचा पत्ताही एकच. विचारल्यावर कळते की दोन्ही मालक सख्खे भाऊ. खरेदीतला सगळ्यांत जुना खेळ इथून सुरू होतो. तीन दरपत्रके लागतात म्हणून एकाच घरातून तिन्ही निघतात, दोन मुद्दाम चढ्या दराची. ओळखायच्या खुणा साध्या आहेत. तिन्ही पत्रांत ‘टॉवेल’ची एकच चुकीची जोडणी, एकाच प्रकारची आकडेवारीची मांडणी, एकाच दिवशी एकाच माणसाने आणून दिलेले लिफाफे, आणि दरांतला फरक प्रत्येक वस्तूवर ठरावीक टक्क्याने. दरपत्रके आल्यावर हे सिद्ध करणे अवघड असते, नोंदणीच्या अर्जात ते एका रकान्यात सापडते. म्हणून सर्व अर्जांचे मोबाइल, ईमेल, पत्ते, बँक शाखा आणि पॅन एका तक्त्यात भरून रकानानिहाय क्रम लावावा, सारखे क्रमांक आपोआप एकाखाली एक येतात.

भाऊ असणे हा गुन्हा नाही. दोघांनीही धंदा खरोखर वेगळा चालवला तर दोघांना पॅनेलवर घेता येते, पण एका खरेदीसाठी दोघांना मिळून एकच दरपत्रक मोजायचे, हे पत्रात लिहून द्यायचे. ‘क’ने रकाना १४ मध्ये ‘नाही’ लिहिले, ही गोष्ट मात्र वेगळी. त्याला लेखी खुलासा मागावा. रकान्याचा अर्थ समजला नसेल तर दुरुस्ती घ्यावी. लपवल्याचे दिसले तर त्या मुदतीसाठी अर्ज नाकारावा, कारणासह.

नमुन्याची परीक्षा

टॉवेल हातात घेऊन ‘जाड आहे’ म्हणणे ही परीक्षा नव्हे. मोजमाप आधी लिहून ठेवा. ७५ × १५० सेंटीमीटरचा, ४०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर गुणिले ४००, बरोबर ४५० ग्रॅम. पाच टक्क्यांची सूट धरली तर ४२७.५ ते ४७२.५ ग्रॅममध्ये तो बसला पाहिजे. भांडारातला साधा इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी पुरतो.

पण कोरा टॉवेल काट्यावर ठेवून मोकळे होऊ नका. मालात खळ किंवा फिनिशिंग राहिलेले असले तर वजन आणि करकरीतपणा त्याचाच असतो. आधी वजन आणि लांबी-रुंदी लिहा, मग वसतिगृहात वापरतात त्याच साबणाने तीन वेळा धुवा, पूर्ण वाळवा आणि पुन्हा मोजा. ४५५ ग्रॅमचा टॉवेल धुतल्यावर ४०५ वर आला, तर तो तुमच्या मापाचा कधीच नव्हता. आटला किती, तेही इथेच दिसते. गडद रंगाच्या चादरीसोबत पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा धुऊन पाहावा, तुकड्यावर रंग चढला तर वसतिगृहात पहिल्याच धुण्यात तक्रारी येणार. ही सगळी तपासणी रेक्टर आणि भांडारपाल दोघांनी मिळून करावी, आकडे एका कागदावर लिहावेत, दोघांच्या सह्या घ्याव्यात. उतरलेला नमुना शिक्का मारून ठेवून द्या. पुढे माल आला की तुलना त्याच्याशीच होते, आणि ‘नमुना असाच होता’ हा वाद उरत नाही.

चादरीवर ‘सोलापुरी चादर’ म्हणून भौगोलिक मानांकनाचा दावा असेल तर अधिकृत वापरकर्ता असल्याचा पुरावा मागावा. तसा दावा नसेल तर ही अट घालण्याचे कारण नाही.

यादी आणि पत्रे

समितीने निर्णय घेतल्यावर पत्र तिघांनाही जाते. स्वीकारलेल्याला नोंदणी क्रमांक, गट, उत्पादक की व्यापारी, मुदतीची शेवटची तारीख आणि देयकाची मुदत. नाकारलेल्याला कोणत्या निकषावर नाकारले ते एका वाक्यात, आणि पुन्हा कधी अर्ज करता येईल ते. यादी दोन वर्षे कुलूपबंद करू नका. नवा अर्ज वर्षातून कधीही घ्यावा आणि समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवावा. गटात दोनच नावे राहिली तर स्पर्धा नावापुरती उरते, निदान चार-पाच स्वतंत्र नावे होईपर्यंत सूचना पुन्हा काढावी.

यादीच्या रजिस्टरला प्रत्येक नावापुढे चार रकाने जोडा : दरपत्रक मागवले कधी, दिले का, माल ठरल्या दिवशी आला का, तपासणीत किती नग परत गेले. सलग तीन वेळा दरपत्रक न देणाऱ्याला फोन करून कारण विचारा. पुष्कळदा उत्तर येते की आधीचे बिल अडकले आहे, आणि ते खरे असेल तर लेखा विभागात जाऊन आधी ते बिल मोकळे करावे. परत गेलेले नग वारंवार दिसू लागले, तर नोंदणी रद्द करण्यापूर्वी लेखी नोटीस आणि म्हणणे मांडायला पंधरा दिवस द्यावेत. मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज मागवावा, आणि त्यात फक्त बदललेले रकाने, ताजे वीजबिल आणि उलाढालीचे नवे पान एवढेच घ्यावे.